इंग्रजीतला न लिहिलेला 'तर'

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या करिअर पुरवणीत आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या तयारीवर आलेला लेख वाचला. बराचसा पटला. मात्र ऐकण्याच्या पेपरासाठी त्यात दिलेला 'कीवर्ड पकडा, उत्तर सापडेल' हा सल्ला पहिल्या भागापुरताच खरा आहे. तिथे नाव, तारीख, फोन नंबर असं काहीबाही भरायचं असतं. तिसऱ्या भागात, म्हणजे २१ ते ३० क्रमांकाच्या प्रश्नांत, विद्यार्थी आणि त्यांचे शिक्षक एखाद्या प्रकल्पावर बोलत असतात आणि 'याला काय वाटतं', 'ती हे कशासाठी म्हणाली' असे बहुपर्यायी प्रश्न येतात. इथे कीवर्डच्या मागे लागलेला विद्यार्थी हमखास फसतो, कारण चुकीच्या पर्यायांतही ऐकलेलेच शब्द पेरलेले असतात. बरोबर पर्याय बहुतेक वेळा वेगळ्याच शब्दांत लिहिलेला असतो.

मी नाशिकला बरीच वर्षं या परीक्षेची शिकवणी घेते. मुलांसाठी मीच लिहिलेला एक संवाद सांगते. एका विद्यार्थ्याने सर्वेक्षण केलंय. सर विचारतात, प्रश्नावली कशी झाली? तो म्हणतो, "वेल, द रिस्पॉन्स रेट वॉज फाइन." प्रश्न असा: प्रश्नावलीबद्दल विद्यार्थ्याचं मत काय? पर्याय तीन. अ) भरपूर प्रतिसाद आल्यामुळे तो खूश आहे. ब) तिच्यातून हवी ती माहिती मिळाली नाही, असं त्याला वाटतं. क) फार कमी लोकांनी ती भरून दिली.

वर्गातली निम्मीअधिक मुलं 'अ' वर खूण करतात. 'रिस्पॉन्स' ऐकला, 'फाइन' ऐकला, झालं. उत्तर 'ब' आहे. वाक्य म्हणताना जोर 'रिस्पॉन्स रेट'वर आहे आणि 'फाइन'पाशी आवाज खाली उतरून पुन्हा थोडा वर येतो, वाक्य मिटल्यासारखं वाटतच नाही. त्याने नुसतं सपाट उतरत्या स्वरात "इट वॉज फाइन" म्हटलं असतं, तर गोष्ट तिथेच संपली असती. प्रतिसादाला वेगळं काढून त्याच्यापुरतंच 'फाइन' म्हणणं म्हणजे बाकीचं काही फाइन नव्हतं.

हेच मराठीत म्हणायचं तर आपण काय म्हणू? "प्रतिसाद तर चांगला आला..." हा 'तर' ऐकला की आपला कान लगेच पुढच्या 'पण'ची वाट बघतो. 'पण' आलाच नाही तरी तो कळतो. लग्नाची स्थळं बघणाऱ्या घरात "मुलगा तर चांगला आहे" एवढंच कोणी म्हटलं की सगळे समजून जातात! आपल्याकडे 'तर', 'च', 'ना', 'की' हे छोटे शब्द ही कामं करतात. शिवाय महत्त्वाचा शब्द क्रियापदाच्या जवळ सरकवायचीही आपल्याला सोय आहे. इंग्रजीला यातलं बरंच काम आवाजावर टाकावं लागतं. लिहिलेल्या वाक्यात ते दिसत नाही, आणि आपला कान शब्द शोधत बसतो.

म्हणून मी मुलांना ढोबळ हिशेब देते. उतरून पुन्हा चढणारा स्वर म्हणजे बहुधा 'तर', आणि एका शब्दावर ठसठशीत जोर देऊन आवाज खाली टेकवला की 'च'.

आता त्याच संवादाचा पुढचा तुकडा. सर म्हणतात, "हॅव यू थॉट ऑफ इंटरव्ह्यूइंग देम?" इथे 'सर हे कशासाठी म्हणाले' असा प्रश्न येतो आणि मुलं 'माहिती विचारण्यासाठी' निवडतात, कारण वाक्याला प्रश्नचिन्ह आहे. खरं तर तो सल्ला आहे, "मुलाखती घेऊन बघितल्यास का रे?" सारखा. विद्यार्थ्याचं उत्तर मात्र खरी मेख आहे: "वुई कुड डू दॅट." जोर 'कुड'वर देऊन तो शब्द लांबवला आणि शेवट किंचित वर गेला, तर अर्थ "करता येईल तसं...", म्हणजे मनात नाही. तेच वाक्य झटकन, 'डू'वर उंच जाऊन खाली येत म्हटलं तर "हो की, तेच करू या!" शब्द चारही तेच, पण बरोबर पर्याय बदलला. हे वाक्य मी वर्गात दोन्ही तऱ्हांनी म्हणून दाखवते. पहिल्या दिवशी बहुतेकांना फरक ऐकू येत नाही. 'तर' आणि 'च' लावून मराठीत म्हणायला लावलं की दोन-तीन तासिकांत येऊ लागतो.

सराव करताना एक चूक सर्रास दिसते. मुलं रेकॉर्डिंगचा वेग कमी करून ऐकतात. त्यात शब्द सुटे कळतात, पण प्रत्येक वाक्य रेंगाळल्यासारखं वाटतं आणि बोलणारा खरंच कचरतोय का, हे ओळखायची खूणच जाते. परीक्षेत रेकॉर्डिंग एकदाच ऐकवतात, तेही नेहमीच्या वेगात. माझी पद्धत अशी: आधी एकदा नेहमीच्या वेगात ऐकून उत्तर द्यायचं. मग छापील संवाद समोर घेऊन पुन्हा ऐकताना जोर पडलेल्या शब्दाखाली रेघ मारायची आणि वाक्याच्या शेवटी वर किंवा खाली बाण काढायचा. आधीच संवाद वाचून मग ऐकलं, तर कान काही करतच नाही.

या हिशेबालाही मर्यादा आहेत. प्रत्येक जोर भावनेचा नसतो. "नो, द सेकंड सर्व्हे" यात 'सेकंड'वरचा जोर फक्त पहिल्यापासून वेगळं करण्यासाठी आहे, त्यात राग शोधू नये. दुसरं म्हणजे या परीक्षेत ब्रिटिश, अमेरिकी, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे असे निरनिराळे उच्चार असतात. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडची बरीच माणसं साधं विधानही वर चढत्या स्वरात संपवतात. त्यांना शंका आहे असं समजून 'अनिश्चित आहे' हा पर्याय निवडला की मार्क गेलाच. माझ्या एका हुशार विद्यार्थिनीचे सराव परीक्षेत असेच दोन प्रश्न गेले होते. अशा वेळी पुढचं वाक्य ऐकायचं. शंका खरी असेल तर तो माणूस कारण देतो, माघार घेतो किंवा विषय बदलतो. स्वरावरून अंदाज बांधायचा आणि पुढच्या वाक्यावर तो ताडून बघायचा, एवढा वेळ बहुतेकदा मिळतो, कारण प्रश्न संवादाच्या क्रमानेच येतात.

लेखमालेचा पुढचा भाग येणार असल्याचं लेखाखाली म्हटलं आहे. त्यात सरावासाठी संवाद छापणार असाल, तर जोराच्या शब्दाखाली रेघ आणि शेवटचे बाण छापता आले तर बघावं. तेवढं जमलं नाही, तर निदान तिसऱ्या भागापुरता तो कीवर्डचा सल्ला मागे घ्यावा, ही विनंती.

आपली,
एक इंग्रजी शिक्षिका, नाशिक