प्रसूती रजेतला पगार आणि बुडणारी पगारवाढ

मा. संपादक, स. न. वि. वि.

प्रसूती रजा 26 आठवड्यांची असते आणि ती पगारी असते, हे आता बहुतेकांना माहीत आहे. पण तो पगार कोणाच्या खिशातून येतो, किती येतो आणि रजेच्या काळात आलेली वार्षिक पगारवाढ मिळते की नाही, या तीन प्रश्नांवर कर्मचारी महिला आणि खुद्द पगारपत्रक करणारे यांच्यात बराच गोंधळ दिसतो. पगार आणि आस्थापनेचे काम करणारी म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि 1961 चा मातृत्व लाभ कायदा तिच्यात सामावला गेला. त्यामुळे हिशोबही बदलला आहे आणि तो बदल बाईच्या बाजूचा नाही.

आधी पैसे कोण देतो ते. सरकारी कर्मचाऱ्याला सरकार देते. ज्या खासगी कर्मचाऱ्याचा पगार महिना 21,000 रुपयांच्या आत आहे आणि जिचा ईएसआय कापला जातो, तिला ईएसआय महामंडळ थेट बँक खात्यात देते. त्यासाठी आधीच्या सहा-सहा महिन्यांच्या दोन अंशदान काळांत मिळून किमान 70 दिवसांचे अंशदान भरलेले असावे लागते. बाकी सगळ्यांना मालकच देतो. कारखाना असो की दहा किंवा जास्त माणसे असलेले दुकान वा कार्यालय, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम झाले असेल, तर ही जबाबदारी मालकाची. "सरकारकडून आले की देऊ" असे काही कंपन्यांत सांगतात, त्याला आधार नाही. प्रसूतीपूर्व काळाचे पैसे गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ द्यायचे असतात आणि उरलेले, प्रसूतीचा दाखला दिल्यापासून 48 तासांत. निम्मे पैसे "कामावर परत आल्यावर" देण्याची पद्धत सरळ बेकायदा आहे.

आता हिशोब. एका खासगी कंपनीतल्या कर्मचाऱ्याचे उदाहरण घेऊ. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून 24,000, विशेष भत्ता 6,000, घरभाडे भत्ता 9,600 आणि प्रवास भत्ता 2,400, एकूण 42,000 रुपये. रजा सुरू 1 फेब्रुवारी 2026 ला. कायदा पाहतो तो त्याआधीच्या तीन कॅलेंडर महिन्यांचा सरासरी रोजचा पगार, म्हणजे नोव्हेंबर, डिसेंबर आणि जानेवारी. महिन्याच्या पगारात साप्ताहिक सुट्ट्याही धरलेल्या असतात, म्हणून भागाकार त्या तीन महिन्यांच्या 92 दिवसांनी करतात आणि आलेल्या रकमेला 182 ने गुणतात. 26 आठवडे म्हणजे रविवार धरून 182 दिवस. आठवडा सात दिवसांचाच धरायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये बी. शाह खटल्यात सांगितले आहे.

खरी मेख आहे "पगार" कशाला म्हणायचे यात. जुन्या कायद्यात घरभाडे भत्त्यासह रोख भत्ते पगारात धरले जात. आमच्या उदाहरणात 42,000 धरून रक्कम येई सुमारे 2,49,000 रुपये. नव्या संहितेतल्या "वेतना"तून घरभाडे आणि प्रवास भत्ता वगळले आहेत. मग उरतात 30,000, आणि रक्कम येते सुमारे 1,78,000. फरक 71,000 रुपयांचा. एक संरक्षण ठेवले आहे. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनात मिळवायची. म्हणजे बेसिक कितीही कमी दाखवले, तरी निम्म्याखाली हिशोब जात नाही. पण आमच्या उदाहरणात वगळलेले भत्ते 12,000 च आहेत, निम्म्याहून कमी. त्यामुळे या कलमाचा तिला उपयोग शून्य.

कंपनीने कायद्यापेक्षा जास्त द्यायला मात्र कोणी अडवलेले नाही. अनेक कंपन्यांच्या रजा धोरणात किंवा युनियनशी झालेल्या करारात "पूर्ण पगार" असे शब्द आहेत आणि ते शब्द कंपनीवर बंधनकारक आहेत. म्हणून रजेवर जाण्याआधी नेमणूक पत्र आणि धोरणातला तो परिच्छेद पाहून ठेवावा. नवी संहिता आली म्हणून धोरणातला "पूर्ण पगार" गुपचूप "संहितेनुसार वेतन" झाला असेल, तर त्यावर लेखी हरकत घ्यावी.

दुसरी चूक पगारपत्रकात होते आणि ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. समजा डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आणि तिने जानेवारीत दहा दिवस बिनपगारी रजा घेतली. तीन महिन्यांचे वेतन 90,000 वरून 80,323 वर येते. कायदा म्हणतो, ज्या दिवशी काम केले त्या दिवसांची सरासरी. म्हणून भागाकारातूनही ते दहा दिवस काढून 82 ने भागायला हवे. रोजचा दर येतो 979 रुपये, जवळपास पहिल्याइतकाच. पण पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये 92 तसाच राहिला, तर दर 873 होतो आणि 182 दिवसांत सुमारे 19,400 रुपयांचे नुकसान. एचआरकडून आकडेमोडीचा कागद मागावा आणि भाजक कोणता घेतला, एवढे एकच पाहावे.

मला सगळ्यात जास्त लिहायचे आहे ते पगारवाढीबद्दल. दर आधीच्या तीन महिन्यांवर ठरतो, त्यामुळे रजेच्या मध्यात 1 एप्रिलला आलेली वाढ रजेच्या पैशांत येत नाही. ईएसआयमध्ये तर आणखी मागे पाहतात. जानेवारी ते जून 2026 मध्ये लाभ सुरू झाला, तर दर एप्रिल ते सप्टेंबर 2025 च्या पगारावर ठरतो. इथपर्यंत कायद्याला धरून आहे. पण कामावर परतल्यावर पगार वाढलेल्या दरानेच सुरू व्हायला हवा, आणि नेमके इथेच फसगत होते. "वर्षभरात तुम्ही पूर्ण वेळ नव्हता, अप्रेजल झाले नाही, पुढच्या सायकलमध्ये पाहू" असे सांगून ती वाढ वगळली जाते.

त्याच उदाहरणात वाढ 8 टक्के होती असे धरू. महिन्याला 3,360 रुपये. ती 3 ऑगस्टला परतली, तर मार्चपर्यंत सुमारे 26,900 रुपये गेले. इथे थांबले असते तर निदान एका वर्षाचा तोटा म्हणता आला असता. तिच्याइतकाच पगार असलेल्या एका सहकारीला 2026 ची वाढ मिळाली होती असे धरू. एप्रिल 2027 मध्ये दोघींना 8 टक्के मिळाले, तर ती सहकारी 48,989 वर जाते आणि ही 45,360 वर. एप्रिल 2028 मध्ये हाच फरक 3,919 होतो. ही कायमची एक पायरी मागे राहते, आणि पीएफ, ग्रॅच्युइटी, पुढच्या नोकरीत मागायचा पगार, सगळे त्या खालच्या आकड्यावर ठरते. पुढच्या बाळंतपणाच्या रजेचा पगारही.

सरकारी नोकरीत हा प्रश्न नियमाने सोडवला आहे. केंद्राच्या मूलभूत नियम 26 प्रमाणे प्रसूती रजेचा काळ वेतनवाढीसाठी धरला जातो. समजा मूळ वेतन 44,900 आहे, 180 दिवसांची रजा 1 मे ते 27 ऑक्टोबर आहे आणि वेतनवाढ 1 जुलैला देय आहे. रजा वेतन रजेवर जाण्याआधीच्या मूळ वेतनावर मिळते, म्हणून वाढीव 46,200 प्रत्यक्ष हातात येतात 28 ऑक्टोबरला हजर झाल्यावर. मधल्या चार महिन्यांचा फरक मिळत नाही. पण पुढची वेतनवाढ पुन्हा 1 जुलैलाच. तारीख सरकत नाही. आस्थापना लिपिकाने ती सरकवली असेल, तर सेवापुस्तकात दुरुस्ती मागावी. रजेला जोडून वैद्यकीय प्रमाणपत्राशिवाय असाधारण, म्हणजे बिनपगारी, रजा घेतली असेल, तर मात्र तेवढे दिवस वेतनवाढीसाठी धरत नाहीत.

खासगी क्षेत्रासाठी संहितेत "पगारवाढ द्या" असे थेट कलम नाही, हे मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे. प्रसूतीच्या गैरहजेरीत सेवाशर्ती बाईच्या तोट्याच्या दिशेने बदलायला बंदी आहे. वाढ वेतनश्रेणीतली किंवा करारातली ठरलेली असेल, तर ती सेवाशर्तच आहे आणि रोखणे बेकायदा ठरते. वाढ कामगिरीवर असेल तर बाजू कमकुवत होते. पण युक्तिवाद संपत नाही. पगारी प्रसूती रजेचे दिवस बोनससाठी काम केलेले दिवस मानले जातात. ग्रॅच्युइटीसाठी 26 आठवड्यांपर्यंतची रजा सलग सेवेत धरतात. दोन ठिकाणी कायदा तिला हजर मानतो, आणि वाढीच्या वेळी मात्र तीच गैरहजर?

मूल्यमापन करायला अडचण काहीच नाही. एप्रिल ते जानेवारी असे दहा महिने तिने काम केलेले आहे. त्या महिन्यांच्या कामावर शेरा द्यावा. काम अगदीच थोडे महिने झाले असेल, तर मागच्या वर्षाचा शेरा पुढे चालवावा. उद्दिष्टावर मिळणारी इन्सेंटिव्हची रक्कम काम केलेल्या महिन्यांच्या प्रमाणात कमी झाली, तर समजू शकते. पण पगारवाढ ही पुढच्या कामाच्या दराची गोष्ट आहे. ती महिन्यांच्या हिशोबात कापायची नसते.

महाराष्ट्र शासनाने या संहितेखालच्या आपल्या नियमांत एक ओळ घालावी: प्रसूती रजेचा काळ वार्षिक वेतनवाढीसाठी कामाचा काळ मानावा आणि वाढ देय तारखेपासून कागदोपत्री लावून, हजर झाल्याच्या दिवसापासून प्रत्यक्ष द्यावी. केंद्र सरकार आपल्या कर्मचाऱ्यांना हेच देते, आणि त्यासाठी खासगी मालकावर रजेच्या काळातला एक रुपयाही वाढीव बोजा पडत नाही.

तोपर्यंत रजेवर जाणाऱ्या प्रत्येकीने तीन महिन्यांच्या पगार स्लिपा जपाव्यात, आपल्या वाढीची तारीख रजेच्या अर्जातच लिहावी आणि "ही वाढ हजर होताच लागू होईल" याची एचआरकडून ईमेलवर पोच घ्यावी. नकार आला, तर तोही लेखीच मागावा. कामगार आयुक्त कार्यालयात संहितेखाली नेमलेल्या निरीक्षकाकडे तक्रार नेताना तोच कागद कामाला येतो.

आपली,
एक वाचक, ठाणे