‘आहारतज्ज्ञ’ ही पाटी कोणी लावायची? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस

महोदय,

रुग्णालयातल्या डायटीशियनला आपण मराठीत आहारतज्ज्ञ म्हणतो. पोषणशास्त्राची पदवी घेऊन शाळा-अंगणवाड्यांच्या आहारावर काम करणाऱ्या न्यूट्रिशनिस्टलाही तेच म्हणतो, आणि जिममध्ये व्यायाम शिकवता शिकवता ‘डाएट चार्ट’ देणाऱ्या ट्रेनरलाही तेच. निरोगी माणसाचं त्यात फारसं बिघडत नाही. ज्याला मधुमेह आहे, ज्याची किडनी अर्धी थकली आहे, त्याला मात्र चुकीच्या पाटीखाली शिरल्याची किंमत मोजावी लागते. ती कशी, हे एका उदाहरणावरून सांगतो.

वय ५२, वजन ७० किलो, दहा वर्षांचा मधुमेह. गोळ्या तीन: मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन. क्रिएटिनिन १.८. या वयाच्या पुरुषात याचा अर्थ ईजीएफआर ४५ च्या आसपास, म्हणजे किडनीची गाळण्याची क्षमता निम्म्यावर आलेली. पण त्याला काहीच त्रास होत नाही. पोट सुटलंय म्हणून तो जिम लावतो. तिथे त्याला नेहमीचा तक्ता मिळतो: किलोमागे २ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे दिवसाला १४० ग्रॅम. पावडरचे दोन स्कूप, सात-आठ अंड्यांचा पांढरा भाग, चिकन, पनीर. चपाती-भात बंद. व्यायामानंतर शहाळं आणि केळी.

तरुण, निरोगी पोराला हा तक्ता कदाचित पचेल. या माणसाच्या बाबतीत मात्र तो तीन ठिकाणी अडतो.

पहिलं संकट काही दिवसांतच येतं. ग्लिमेपिराइड ही गोळी पोटात अन्न असो वा नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. चपाती-भात बंद केला आणि गोळी तेवढीच ठेवली की साखर खाली जाते. किडनी थकलेली असल्यामुळे इन्सुलिन आणि औषध दोन्ही शरीरात जास्त वेळ रेंगाळतात. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. जिममध्ये हे व्यायामाने दमल्यासारखंच दिसतं, म्हणून कोणाला शंका येत नाही. ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली आकडा आला तरच कळतं. गोळीचा डोस डॉक्टरच बदलतात, डायटीशियनही बदलत नाही. फरक इतकाच की डायटीशियन जेवणातला भात कमी करण्याआधी डॉक्टरांना तसं कळवते.

दुसरं संकट पोटॅशियमचं. टेल्मिसार्टन रक्तातलं पोटॅशियम वाढवू शकते आणि थकलेली किडनी ते पुरेसं बाहेर टाकत नाही. वरून रोज शहाळं, केळी आणि ‘बीपीसाठी चांगलं’ म्हणून आणलेलं कमी सोडियमचं मीठ. या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं, हे विकणाऱ्यालाही अनेकदा माहीत नसतं. पोटॅशियम वाढतं ते बहुतेक वेळा लक्षणांशिवाय, आणि थेट हृदयाच्या ठोक्यांवर उठतं. रक्त तपासल्याखेरीज ते कळायला मार्ग नाही.

तिसरं संकट सावकाश येतं. जास्त प्रोटीनमुळे किडनीच्या उरलेल्या गाळण्यांवर दाब वाढतो आणि रक्तात युरिया साठतो. दुखत काहीच नाही. त्यात ट्रेनरने क्रिएटिन ही स्नायूंसाठीची पावडर सुरू केली असेल तर आणखी घोळ: क्रिएटिनमुळे किडनी न बिघडताही रिपोर्टमधलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसू शकतं. मग खरोखर बिघाड वाढला की पावडरचा परिणाम, हे डॉक्टरांनाही चटकन सांगता येत नाही. रुग्ण ‘कोणतं औषध घेता?’ या प्रश्नाला पावडर धरतच नाही.

आता हाच माणूस प्रशिक्षित क्लिनिकल डायटीशियनकडे गेला तर काय होतं? आधी रिपोर्ट मागितले जातात: क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन, पोटॅशियम, फॉस्फरस, हिमोग्लोबिन, तीन महिन्यांची साखर. मग गोळ्यांची यादी. मग कालच्या दिवसभराचं खाणं, वाटी-चमच्याच्या मापात. डायलिसिस सुरू नसताना अशा रुग्णाला किलोमागे ०.८ ग्रॅम प्रोटीन पुरतं, म्हणजे ५६ ग्रॅम. ते घरच्या ताटात सहज बसतं: पाच चपात्यांचे १५, वाटीभर वरणाचे ७, दोन अंड्यांचे १२, ३०० मिलि दूध-दह्याचे १०, वाटीभर भाताचे ३, भाज्या आणि दाण्याच्या कुटाचे ८-९. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळून पाणी टाकून द्यायचं, हा सल्ला पोटॅशियम वाढलेलं असेल तरच, सरसकट नाही.

आणि पुढे याच माणसाचं डायलिसिस सुरू झालं, तर सल्ला उलटतो. डायलिसिसमध्ये प्रोटीन वाया जातं, म्हणून किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतं. ‘किडनीचा डाएट’ म्हणून फिरणारा जुना तक्ता तेव्हा चालू ठेवला, तर स्नायू झडतात. आजाराचं नाव तेच, पण टप्पा बदलला की ताट बदलतं.

ट्रेनरला आम्ही वैरी मानत नाही. या रुग्णाला व्यायामाची गरज आहेच आणि तो शिकवणं ट्रेनरचंच काम. न्यूट्रिशनिस्ट या शब्दाबद्दल मात्र अडचण वेगळी आहे. एमएस्सी करून रुग्णालयात इंटर्नशिप केलेली व्यक्ती हे नाव लावते आणि काही आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स केलेलीही लावते. इंडियन डाएटेटिक असोसिएशनची परीक्षा देऊन मिळणारं ‘आरडी’ म्हणजे रजिस्टर्ड डायटीशियन हे बिरुद चांगलं, पण सामान्य माणसाला ते माहीत नाही. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या केंद्रीय कायद्याने डायटीशियन आणि न्यूट्रिशनिस्ट या दोघांना एकाच गटात घेतलं. त्यामुळे नुसत्या पदनामावरून रुग्णाला काही उमगणार नाही. शिक्षण, रुग्णालयातला अनुभव आणि नोंदणी क्रमांक, हे तिन्ही दिसायला हवेत.

म्हणून मागण्या तीनच.

या कायद्याखालची राज्याची नोंदवही मराठीत, नाव टाकून शोधता येईल अशी खुली करा. तीत रुग्णालयीन प्रशिक्षण आहे की नाही, हा रकाना हवा.

जिमच्या प्रवेश अर्जावर पाच प्रश्न सक्तीचे करा: मधुमेह, रक्तदाब, किडनी वा यकृताचा आजार, गरोदरपण, रोजची औषधं. एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर तिथे आहाराचा तक्ता आणि पावडर द्यायची नाही. अर्जाची प्रत घेऊन रुग्णाला डॉक्टरांकडे पाठवायचं. पावडरचा डबा विकणारा अनेकदा तोच ट्रेनर असतो, म्हणून हे त्याच्या मर्जीवर सोडून चालणार नाही.

आणि जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयांत डायटीशियनला मधुमेह आणि किडनीच्या रुग्णांसाठी ओपीडीची ठरलेली वेळ द्या. आज केस पेपरवर ‘गोड कमी, मीठ कमी’ असं लिहून डॉक्टर पुढच्या रुग्णाकडे वळतात, कारण पाठवायचं कुठे हा प्रश्न असतो. त्या ओळीच्या जागी खोली क्रमांक आणि वार छापलेला असावा.

आपले,
रुग्णालयांच्या आहार विभागांत काम करणारे काही डायटीशियन