आभार मानले आणि तक्रार हरवली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या भांडणांवर विनोद पुष्कळ होतात. पण त्यातली बरीच भांडणं मतभेदातून नाही, तर न कळलेल्या विनोदातूनच उभी राहतात.

आमच्याच इमारतीतलं उदाहरण घ्या. लिफ्ट बंद पडली. चौथ्या दिवशी एका तरुण भाडेकरूने ग्रुपवर लिहिलं, "लिफ्ट बंद ठेवून सर्वांच्या व्यायामाची सोय केल्याबद्दल कमिटीचे मनःपूर्वक आभार 🙏". त्याच्या वयाच्या तिघा-चौघांनी खाली 💀 टाकलं. हसून हसून मेलो, असा त्यांचा अर्थ. ते पाहून एका आजींनी घाबरून विचारलं, "कोण गेलं?" कानपूरहून आलेल्या कुटुंबाला मराठी जेमतेम वाचता येतं. त्यांनी 'आभार' तेवढं ओळखून टाळ्या दिल्या. आणि सत्तरी ओलांडलेल्या खजिनदारांनी सरळ मनाने उत्तर दिलं, "धन्यवाद. असंच सहकार्य राहू द्या." यावर पोरं आणखी हसली. मग कोणीतरी त्यांना फोन करून खरा अर्थ सांगितला, आणि पुढचे दोन दिवस ग्रुपवर लिफ्ट सोडून बाकी सगळ्यावर चर्चा झाली. मेकॅनिकला फोन कोणीच केला नव्हता.

आपला उपरोध बहुतेक वेळा स्तुतीचा वेष घेऊन येतो. "वाऽऽ, काय वेळेवर आलात साहेब!" यातला टोमणा त्या लांबवलेल्या 'वा'मध्ये आणि आपल्याहून लहान माणसाला लावलेल्या 'साहेब'मध्ये असतो. छापताना आपण निदान अवग्रह तरी देतो. मोबाइलवर तो शोधत कोण बसतो? सूर गेला की उरते ती निव्वळ स्तुती. मराठी नंतर शिकलेला माणूस ती स्तुतीच समजणार, यात त्याचा काय दोष?

लिहिणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही, कारण वाचताना त्याच्या कानात त्याचाच सूर वाजत असतो. अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी 2005 साली यावर प्रयोग प्रसिद्ध केले. आपली वाक्यं उपरोधिक आहेत की गंभीर, हे समोरच्याला साधारण 78 टक्के वेळा कळेल, असा लिहिणाऱ्यांचा अंदाज होता. ईमेलवर ते कळलं 56 टक्के वेळा, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा जरासंच बरं. तेच आवाजात ऐकवल्यावर प्रमाण 73 टक्क्यांच्या आसपास गेलं. त्याच अभ्यासातून एक उपायही निघाला. आपलं वाक्य उलट सुरात मोठ्याने वाचायचं. उपरोधाने लिहिलेलं असेल तर अगदी गंभीरपणे. असं केलेल्यांचा फाजील आत्मविश्वास उतरला. आमच्या भाडेकरूने "मनःपूर्वक आभार" एकदा सत्कार समारंभातल्यासारखं म्हणून पाहिलं असतं, तर खजिनदार काय वाचणार हे त्याला तिथल्या तिथे कळलं असतं.

हसरा चेहरा जोडला की काम भागतं, असं काहींना वाटतं. 1982 मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठात स्कॉट फालमन यांनी :-) ही खूण सुचवली, ती विनोद ओळखता यावा म्हणूनच. पण आता साधा 🙂 ज्येष्ठांना प्रेमळ वाटतो, तर अनेक तरुणांना तो दात-ओठ खाऊन हसल्यासारखा दिसतो. "ठीक आहे." मधला पूर्णविरामसुद्धा कित्येक पोरांना राग वाटतो. शाळेत आम्हाला तो दिला नाही तर मार्क कापायचे!

तेव्हा ज्या ग्रुपमध्ये सगळ्या वयाची, चार प्रांतांतली माणसं आहेत, तिथे तक्रार आणि विनोद एका वाक्यात कोंबू नये. तक्रार सरळ लिहावी: "लिफ्ट सोमवारपासून बंद आहे. पाचव्या मजल्यावरच्या काकांना उद्या सकाळी डायलिसिसला जायचंय. मेकॅनिक कधी येणार ते आज रात्री आठपर्यंत कळवावं." शेवटी आमच्याकडे असाच मेसेज गेला आणि तासाभरात मेकॅनिकची वेळ ठरली. विनोद करायचाच तर वेगळ्या मेसेजमध्ये आणि स्वतःवर करावा: "जिने चढून माझे गुडघे माझ्याशी बोलेनासे झालेत." हा कोणी शब्दशः घेतला तरी कोणाचा अपमान होत नाही, फार तर कोणीतरी तेल सुचवेल. टोमण्याची हौस फारच असेल तर व्हॉइस मेसेज आहे, त्यात सूर तरी जातो. "गंमत करतोय हं" असं शेवटी लिहिण्याने विनोद मरतो, ही तक्रार मला मान्य आहे. पण आजारपण, पैसे किंवा मृत्यू यांच्या आसपासचा विषय असेल तर तो मेलेलाच बरा.

घरच्या चार जणांच्या ग्रुपवर यातलं काहीही पाळायची गरज नाही. तिथे खवचटपणा चालतो, कारण वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याचा आवाज पाठ असतो. मात्र तिथला मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड करताना तो आवाज सोबत जात नाही.

आपला,
एक वाचक, ठाणे