खातेउताऱ्यात आधी युनिट पाहा, रुपये नंतर

प्रति,
माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या अर्थविषयक पानावर कोणत्या म्युच्युअल फंडाने किती परतावा दिला याचे तक्ते नियमित येतात. पण फंडाचा खातेउतारा हाती आल्यावर तो वाचायचा कसा, हे क्वचितच छापून येते. मुंबईतल्या कितीतरी घरांत हा उतारा ई-मेलवर येतो, शेवटचा ‘बाजारमूल्य’ हा आकडा पाहिला जातो आणि बंद होतो. तो आकडा रोज बदलतो, त्यावरून हिशेबातली चूक कळत नाही. चूक असलीच तर ती युनिटच्या रकान्यात सापडते, म्हणून हे पत्र त्या रकान्याबद्दल.

एक नोंद घेऊ. दरमहा ५,००० रुपयांची एसआयपी आहे. उताऱ्यावर त्या दिवसाचे एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, ६२.४८७५ रुपये आहे आणि मिळालेली युनिट ८०.०१२. आता ५,००० ला ६२.४८७५ ने भागले तर उत्तर ८०.०१६ येते. चार सहस्रांश युनिट कुठे गेले? त्याच नोंदीखाली ‘स्टॅम्प ड्युटी’ अशी एक बारीक ओळ असते आणि तिच्यापुढे ०.२५ लिहिलेले असते. १ जुलै २०२० पासून फंडाच्या प्रत्येक खरेदीवर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क कापले जाते. म्हणजे युनिट ४,९९९.७५ रुपयांचीच मिळतात, आणि ४,९९९.७५ भागिले ६२.४८७५ बरोबर ८०.०१२. उतारा तपासायची रीत एवढीच: रकमेतून शुल्क वजा करा, एनएव्हीने भागा, तिसऱ्या दशांशापर्यंत जुळवा. एनएव्ही खरे आहे का, तेही ॲम्फी या फंड कंपन्यांच्या संघटनेच्या संकेतस्थळावर योजनेचे नाव आणि तारीख टाकून पडताळता येते. तिथे थेट घेतलेला ‘डायरेक्ट’ आणि वितरकामार्फतचा ‘रेग्युलर’, ‘ग्रोथ’ आणि लाभांशाचा ‘आयडीसीडब्ल्यू’ यांचे भाव वेगवेगळे असतात. आपला प्रकार नीट पाहून निवडला नाही, तर हिशेब कधीच जुळणार नाही.

यानंतरची तक्रार बहुधा तारखेची असते. बँकेतून पैसे ५ तारखेला गेले, पण उताऱ्यावर तारीख आणि भाव ६ किंवा ७ तारखेचा. लोकांना वाटते की फंडाने मुद्दाम चढा भाव लावला. १ फेब्रुवारी २०२१ पासूनचा नियम असा आहे की रक्कम कितीही असो, पैसे फंडाच्या खात्यात ज्या कामकाजाच्या दिवशी दुपारी ३ वाजण्याआधी पोहोचतात, त्या दिवसाचे एनएव्ही लागू होते. (लिक्विड आणि ओव्हरनाइट फंडांची वेळ आणि नियम वेगळे आहेत.) आपल्या खात्यातून पैसे कापले जाणे आणि ते फंडाकडे पोहोचणे यात एखादा दिवस जाऊ शकतो. गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी ३ नंतर पैसे पोहोचले, तर चतुर्थीला शेअर बाजार बंद असल्यामुळे त्यानंतरच्या कामकाजाच्या दिवसाचा भाव लागतो. यात फंडाची चूक नसते. मात्र पैसे कापल्यानंतर चार-पाच कामकाजाचे दिवस उलटूनही नोंद दिसत नसेल, तर बँकेतील व्यवहार क्रमांक घेऊन लेखी विचारणा करावी.

सर्वात जास्त घबराट उडते ती कंसातल्या आकड्यांनी. उताऱ्यात कंस म्हणजे वजा. एखाद्या महिन्यात खात्यात पुरेसे पैसे नसले तर कधीकधी आधी ८०.०१२ युनिट जमा दिसतात, आणि खालच्या ओळीत ‘रिजेक्शन’ किंवा ‘रिव्हर्सल’ शब्दासह तेच (८०.०१२) कंसात येतात. दोन्ही ओळींत एनएव्ही एकच असते, आणि युनिटची शिल्लक पहिल्या ओळीआधी होती तिथेच परत येते. ती १,२४०.३५६ होती, मधे १,३२०.३६८ झाली आणि पुन्हा १,२४०.३५६ वर आली, तर आपले काहीही विकले गेलेले नाही, तो हप्ता फक्त भरला गेला नाही. हप्ता परत गेल्याबद्दल बँक जो दंड लावते, तो फंडाच्या उताऱ्यात कुठेच दिसत नाही. तो पासबुकात शोधावा लागतो.

विक्रीची नोंद मात्र खरोखरच अपुरी असते. समजा योजनेत एक वर्षाच्या आत काढलेल्या युनिटवर १ टक्का निर्गमन भार, म्हणजे लवकर पैसे काढल्याबद्दलची कपात, आहे, आणि ६५ रुपये भाव असताना ५०० युनिट विकले. ढोबळ रक्कम ३२,५०० रुपये. युनिट बाहेर जाताना जे आधी आले ते आधी जाते. समजा विकलेल्यांपैकी ४२० युनिट वर्षाहून जुनी आहेत, त्यांना भार नाही. उरलेली ८० वर्षाच्या आतली, म्हणून ५,२०० रुपयांवर १ टक्का, ५२ रुपये. समभाग योजनेत विक्रीवर ०.००१ टक्का व्यवहार कर, म्हणजे बत्तीस-तेहतीस पैसे. खात्यात ३२,४४७ रुपये आणि वर काही पैसे येतात. आता एसआयपीतला प्रत्येक हप्ता ही स्वतंत्र खरेदी असते आणि तिचे वर्ष तिच्याच तारखेपासून मोजले जाते. ‘एसआयपी सुरू करून दोन वर्षे झाली, मग भार कसला?’ हा प्रश्न इथूनच निर्माण होतो. अनेक उताऱ्यांत हे ५२ रुपये कोणत्या हप्त्यांमुळे गेले, ते लिहिलेले नसते. खातेदाराने मागच्या नोंदी उलगडून स्वतःच शोधायचे.

फंडाच्या वार्षिक खर्चाची ओळ उताऱ्यातल्या व्यवहारांच्या नोंदींत नसते, कारण तो खर्च रोज थोडाथोडा वजा करूनच एनएव्ही जाहीर होते. ओळ नाही म्हणजे खर्च नाही, असा अर्थ काढू नये.

उतारा मागवताना फंडांच्या खात्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॅम्स किंवा केफिनटेकच्या संकेतस्थळावर ‘समरी’ऐवजी ‘डिटेल्ड’ निवडावा आणि कालावधी पहिल्या खरेदीच्या तारखेपासून द्यावा. मग सुरुवातीची शिल्लक शून्य दिसते आणि प्रत्येक युनिट कुठून आले ते शेवटच्या ओळीपर्यंत जुळवता येते. मधूनच सुरू होणाऱ्या उताऱ्यात सुरुवातीचा आकडा डोळे मिटून मान्य करावा लागतो.

फंड कंपन्यांकडे आमची मागणी अशी आहे की विक्रीच्या नोंदीखाली भार लागलेली युनिट, त्यांची खरेदीची तारीख आणि वजा झालेली रक्कम एका ओळीत द्यावी. हा हिशेब भार कापताना त्यांच्या संगणकात झालेलाच असतो. आणि आपल्याला विनंती की अर्थविषयक पानावर एखाद्या उताऱ्याचा नमुना, नाव आणि फोलिओ क्रमांक झाकून, ओळीओळीच्या मराठी अर्थासह छापावा.

कळावे,
आपले वाचक,
मुलुंड (पूर्व), मुंबई