महाबळच्या फ्लॅटचं भाडं

जळगाव,
८ एप्रिल

प्रिय सुनील,

महाबळचा तो फ्लॅट बघून आलो. घर चांगलं आहे, पण ११,००० लगेच कबूल करू नकोस भो.

जाहिरातीतलं भाडं म्हणजे मालकाची इच्छा. खरा भाव राहणाऱ्यांनाच माहीत. म्हणून मी जिन्यात भेटलेल्या दोघांना विचारलं. त्याच बिल्डिंगमध्ये तसाच टू बीएचके १०,००० ला गेलाय. मागच्या गल्लीतला ९,५०० ला आहे, पण त्याला पार्किंग नाही, तेव्हा तो दाखला जपून वापर. मालक तेवढंच पकडेल.

खरी गंमत लाइट बिलात सापडली. थकबाकी आहे का बघायचं म्हणून मागून घेतलं, तर मागच्या महिन्यांच्या वापरात सलग तीन महिने जवळजवळ शून्य युनिट! म्हणजे ‘रोज दोन-तीन पार्ट्या येतात’ हे मालकाचं नुसतं बोलणं. आता त्याचा हिशोब कर. १०,००० ला दिलं तर अकरा महिन्यांत त्याचे ११,००० कमी होतात. घर आणखी एक महिना रिकामं राहिलं तरी तेवढेच जातात. हे त्याला तोंडावर ऐकवू नकोस, चिडेल. ‘ठरलं तर एक तारखेपासून भाडं सुरू’ एवढं म्हण, त्याला कळेल. मात्र जूनपर्यंत थांबलास तर शाळा-कॉलेजवाले येतील आणि हा जोर राहणार नाही.

सुरुवात ९,५०० पासून कर. १०,००० वर अडला तर बावीस महिन्यांच्या कराराची तयारी दाखव. त्याचं पुन्हा भाडेकरू शोधणं, एजंटची दलाली वाचते. बदल्यात अकरा महिन्यांनंतरची वाढ दहाऐवजी पाच टक्के माग, म्हणजे १०,५००. पण तुझी बँकेची नोकरी, बदली कधीही येते. लॉक-इन सहा महिन्यांच्या वर नको, आणि त्यानंतर एक महिन्याच्या नोटिशीवर सोडता येईल असं लिहून घे. नाहीतर नंदुरबारला बसून इथलं भाडं भरशील.

एवढ्या भाड्यात एसी, नवीन ओटा मागण्यात अर्थ नाही. डिपॉझिट तीनऐवजी दोन महिन्यांचं, मेंटेनन्स भाड्यातच, हे मिळण्यासारखं आहे. भाड्यावर हटला नाहीच, तर रंग, खिडक्यांना जाळ्या आणि हॉलच्या खिडकीबाहेर कूलरचं स्टँड माग. मालकाला खर्च एकदाच येतो, आणि आपल्या मे महिन्यात स्टँड नसलं तर कूलर घरातली दमट हवाच फिरवत बसेल. गळका नळ आणि गीझरची दुरुस्ती ही सवलत नव्हे, त्यासाठी भाड्यात सूट सोडू नकोस.

टोकन देण्याआधी हे सगळं व्हॉट्सॲपवर त्याच्याकडून ‘हो’ करून घे, मग तसंच करारात. करार रजिस्टर करायचाच. तो न करण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर येते, तेव्हा तो टाळाटाळ करत असेल तर जरा सावध.

रविवारी येणार असशील तर आदल्या दिवशी फोन कर, मीही सोबत येतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
प्रमोद