घरी पैसे पाठवण्याआधी

प्रिय मित्रा,

परदेशातला पहिला पगार झाला, आता भारतात घरी पैसे कसे पाठवू असं तू विचारलंस, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'शुल्क शून्य' एवढं वाचून ठरवू नकोस. पैसे पाठवणाऱ्या संस्था दोन ठिकाणी कमावतात, एक शुल्कात आणि दुसरं चलन बदलण्याच्या दरात. इंटरनेटवर दर शोधलास की दिसतो तो बाजारातल्या खरेदी आणि विक्रीच्या दरांचा मध्य. तुला मिळणारा दर बहुधा त्याहून कमी असतो, आणि तो फरक 'शुल्क' म्हणून दाखवत नाहीत.

समज, तुला तिथल्या चलनातले 1,000 पाठवायचेत आणि मधला दर 80 आहे. एक बँक शुल्क घेत नाही, पण दर 77.60 देते. घरी 77,600 रुपये पोचतात. दुसरी कंपनी 6 शुल्क कापते, पण उरलेल्या 994 ला 79.70 दर देते. घरी जवळपास 79,222 पोचतात. म्हणजे फुकट म्हणवणारी सेवाच सोळाशेंनी महाग पडली! म्हणून दोन्हीकडे एकाच वेळी तीच रक्कम टाक आणि फक्त शेवटी हातात किती पडणार तेवढं बघ. रक्कम लहान असेल तर मात्र ठरावीक शुल्कच जास्त बोचतं. तेव्हा हप्त्याहप्त्याने न पाठवता महिन्याचं एकदम पाठवलेलं बरं. शनिवार-रविवारी बाजार बंद असतो, तेव्हा काही जण दरात जास्त फरक ठेवतात.

बँकेतून स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून, पाठवलंस तर वाटेतली मध्यस्थ बँकही आपला वाटा कापू शकते. हा खर्च कुणी सोसायचा यासाठी फॉर्मवर OUR, SHA, BEN असे पर्याय असतात. OUR निवडलंस की सगळा खर्च तुझ्याकडे येतो आणि घरी सहसा पूर्ण रक्कम मिळते. घरभाड्यासारखी ठरलेली रक्कम असेल तर तेच निवड. पैसे अडकले तर बँकेकडे UETR क्रमांक माग, त्यावरून ते कुठल्या बँकेत थांबलेत ते शोधता येतं.

एका गोष्टीची मला खरंच काळजी वाटते. ओळखीतला कुणी म्हणेल, 'मला इथे रोख दे, माझा माणूस तुझ्या घरच्यांच्या खात्यात भरतो, दरही चांगला देतो.' नाही म्हण. घरी जमा होणारे पैसे कुणा तिसऱ्याच्याच खात्यातून येतात. ते फसवणुकीचे निघाले तर तपासात तुझ्या घरच्यांचं खातं गोठू शकतं, आणि तुझ्याकडे दाखवायला पावतीसुद्धा नसते. कंपनी नवी असेल तर तिचा परवाना तिथल्या वित्तीय नियामकाच्या संकेतस्थळावर स्वतः शोध. कंपनीने पाठवलेल्या लिंकवरून नको.

पहिल्यांदा थोडेच पाठव. घरच्यांनी फोनवर 'जमा झाले' म्हटलं की मग बाकीचे. आणि खातं बदललं असा नुसता मेसेज आला तर आवाज ऐकल्याशिवाय नवा क्रमांक भरू नकोस.

तुझा,
सुहास