चार्टमधला अंगठा गेला कुठे?

मा. संपादक,

कालच्या पुरवणीत 23 सप्टेंबरच्या आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिनाच्या निमित्ताने तुम्ही सांकेतिक भाषेच्या ए टू झेडचा फोटो छापलात. वर मोठ्या लाल अक्षरात 'घरच्या घरी शिका भारतीय सांकेतिक भाषा'. कल्पना छान आहे, नाही म्हणत नाही. पण छापायच्या आधी ऑफिसातल्या एकाने तरी तो चार्ट समोर धरून स्वतःचा हात हलवून बघितला होता का? मला नाही वाटत.

पहिली गोष्ट म्हणजे ती भारतीय नाहीच. सव्वीसच्या सव्वीस अक्षरं एका हाताची आहेत, म्हणजे ती अमेरिकन. माझी बहीण न्यू जर्सीला असते, तिच्या मुलाला ऐकू येत नाही, त्यांच्या फ्रिजवर अगदी हाच चार्ट वर्षानुवर्षं लावलेला आहे, त्यामुळे मी बघितल्याबरोबर ओळखला. आपल्याकडची स्पेलिंगची पद्धत ब्रिटिश वळणाची, दोन हातांची. कोणीतरी नेटवरून पहिला सापडला तो फोटो उचलला आणि त्यावर 'भारतीय' असं लिहून टाकलं, झालं.

बरं, अमेरिकन तर अमेरिकन, तो तरी वाचता यावा! आमच्या बिल्डिंगमध्ये मीना नावाची कर्णबधिर मुलगी आहे, नातीची मैत्रीण. नातीने पेपर घेतला आणि तिचं नाव बसवायला बसली. एम, ई, ई, एन, ए. आता गंमत बघा, अमेरिकन पद्धतीत ही सगळीच्या सगळी अक्षरं मुठीची आहेत, आणि तुमच्या त्या पोस्टाच्या तिकिटाएवढ्या काळपट चौकटींमध्ये पाचही ठिकाणी एकच मूठ दिसते. पोरीने पाच वेळा मूठ उगारली, मीनाला वाटलं ही भांडायलाच आलीये.

मुठीच्या अक्षरांमध्ये खरा खेळ अंगठ्याचा असतो. ए मध्ये अंगठा मुठीच्या बाजूला सरळ उभा, तर्जनीला चिकटून. एस मध्ये तोच अंगठा बोटांच्या पुढून आडवा. टी, एन आणि एम मध्ये तो बोटांच्या खाली जातो आणि फक्त टोक बाहेर डोकावतं, तेवढ्यावरूनच अक्षर ओळखायचं. अंगठ्याच्या बाजूने बोटं मोजत जायची, एका बोटानंतर टोक दिसलं तर टी, दोन बोटांनंतर एन, तीन बोटांनंतर म्हणजे अनामिका आणि करंगळीच्या मध्ये दिसलं तर एम. ई मध्ये बोटं पूर्ण मिटलेली नसतात, त्यांची टोकं आडव्या अंगठ्यावर टेकतात, त्यामुळे समोरून नखं दिसतात. एस मध्ये नखं मुठीत गेलेली असतात. एवढं एकेका ओळीत चौकटीखाली लिहिलं असतं तर नातीचं काम झालं असतं. तुम्ही काय लिहिलंय? एम खाली 'अंगठा आत', एन खाली 'अंगठा आत', टी खाली पण 'अंगठा आत'. वाचकांना अंगठा दाखवायची ही पद्धत नवीनच! फोटो काढताना उजेड जरा बाजूने घेतला असता आणि हाताच्या मागे काळा पडदा लावला नसता तरी ते टोक दिसलं असतं.

दुसरं म्हणजे फोटो कोणाच्या बाजूने बघायचा हे कुठेच लिहिलेलं नाही. हात समोरच्या माणसाचा, उजवा, तळवा आपल्याकडे, म्हणून फोटोत अंगठा आपल्या उजवीकडे दिसतो. नवशिक्या माणूस स्वतःचा उजवा हात वर करून त्याची मागची बाजू बघतो तर अंगठा डावीकडे! मग तो एकतर तळवा स्वतःकडे वळवतो नाहीतर डावा हात वर करतो. डाव्या हाताने केलेलं चालतं, डावखुरे लोक करतातच, पण तळवा स्वतःकडे वळवला की समोरच्याला नुसती हाताची पाठ दिसते आणि मुठीची अक्षरं गेलीच. उपाय अगदी साधा आहे, चार्ट हातात घेऊन आरशासमोर उभं राहायचं, उजव्या हाताचा तळवा आरशाकडे करायचा आणि फोटोशी बोटं ताडून बघायची. फक्त आरशात अंगठा फोटोच्या उलट बाजूला दिसणार, त्याने गोंधळायचं नाही.

आणि कळस म्हणजे जे. आय ची चौकट बघा, करंगळी वर आणि ती आपल्या डावीकडे, बरोबर आहे. शेजारीच जे, हाताचा आकार तोच, फक्त करंगळीने हवेत जे काढायचा, आणि तिथे करंगळी एकदम उजवीकडे! माणूस तोच, हात बदलला? नाही, माझी खात्री आहे की तुमच्या आर्टिस्टने चौकट उलटी केलीये. कारण करणारा माणूस जे स्वतःच्या बाजूने सरळ काढतो, समोरून तो उलटाच दिसतो, बाणाचं टोक उजवीकडे वळतं. आर्टिस्टला वाटलं चुकलंय, केला सुलटा. झेडला तर बाणच नाही, नुसती तर्जनी उभी, म्हणजे नवशिक्याने बोट दाखवायचं आणि समजायचं झेड झाला.

आता आपली पद्धत ऐका, मीनाने नातीला दोन मिनिटांत शिकवली. एका हाताची पाच बोटं म्हणजे पाच स्वर. दुसऱ्या हाताच्या तर्जनीने अंगठ्याच्या टोकाला टेकवलं की ए, तर्जनीला ई, मधल्या बोटाला आय, अनामिकेला ओ, करंगळीला यू. तळव्यावर तीन बोटं आडवी ठेवली की एम, दोन ठेवली की एन. मीना म्हणजे तळव्यावर तीन बोटं, तर्जनीच्या टोकाला दोनदा टेकवायचं, तळव्यावर दोन बोटं, मग अंगठ्याचं टोक. छोट्या फोटोतही हे सहज कळेल, कारण कुठे टेकवलंय ते दिसतं, लपलेला अंगठा शोधावा लागत नाही. एकच काळजी घ्यायची, टेकवणारं बोट आणि टेकवून घेणारं बोट एकाच रेषेत येणार नाही अशा बाजूने फोटो काढायचा, नाहीतर आय आणि ओ एकसारखेच दिसतात.

दिल्लीत 2015 पासून भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे, त्यांचे व्हिडिओ फुकट बघायला मिळतात. आपल्या मुंबईत वांद्र्याला कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग संस्था आहे. एक फोन करायला काय हरकत होती? आणि हो, ही नुसती अक्षरं आहेत, नावंगावं सांगायला वापरतात. अक्षरं आली म्हणजे भाषा आली असं होत नाही, तेव्हा ते 'घरच्या घरी शिका' पण जरा आवरा.

येत्या रविवारी दोन हातांचा चार्ट छापा, अर्ध्या पानाचा छापा. फ्लॅटच्या जाहिरातीला पूर्ण पान मिळतं तर याला अर्धं मिळायला हरकत नसावी. चौकटी ठळक, हलणाऱ्या अक्षरांना बाण, आणि खाली 'समोरून बघताना' एवढे दोन शब्द.

जाता जाता, मागच्या रविवारच्या शब्दकोड्याचं उत्तर काल छापायचं होतं ते कुठे आहे? पुरवणी तीनदा चाळली. 14 आडवं माझं अजून अडलेलं आहे.

आपली,
एक जुनी वाचक, डोंबिवली